आधी ऐकणे, मग दुरुस्ती : बोलक्या अरबीतल्या चुकांचा क्रम

अरबी बोलायला शिकणाऱ्याच्या एका मिनिटाच्या बोलण्यात सहज पंधरा चुका सापडतात. त्या पंधराही चुका जागच्या जागी सुधारल्या, तर शिकणाऱ्याचे वाक्य पुरे होत नाही. एकही सुधारली नाही, तर वर्षभराने तोच माणूस त्याच चुका अधिक सफाईने करू लागतो. म्हणून शिकवणाऱ्यापुढे दोन कामे असतात. बोलणे न तोडता चूक पोहोचवायची, आणि पंधरांतल्या कोणत्या दोन-तीन आज हाती घ्यायच्या हे ठरवायचे. यातले दुसरे काम अधिक अवघड आहे आणि नेमके तेच बहुतेक वेळा घाईत उरकले जाते.

अरबीच्या बाबतीत या दोन्हींच्या आधी आणखी एक प्रश्न सोडवावा लागतो : कोणती अरबी? पुस्तकातली, बातम्यांची, भाषणांची अरबी म्हणजे ‘फुस्हा’. घरात, बाजारात, दवाखान्यात बोलली जाते ती ‘आम्मिया’, म्हणजे बोली, आणि ती देशागणिक बदलते. ‘हृदय’ या शब्दाचे उदाहरण पुरे आहे. फुस्हात तो ‘क़ल्ब’ आहे आणि त्यातला ‘क़’ घशाच्या अगदी मागच्या बाजूने येतो. कैरोत तो ‘क़’ गळून पडतो आणि ‘अल्ब’सारखे काहीतरी ऐकू येते. कुवेत-दुबईकडे त्याचाच ‘गल्ब’ होतो. तिन्ही रूपे आपापल्या जागी बरोबर आहेत. शिकणारा आखातात नोकरीला जाणार असेल आणि शिक्षक इजिप्तचे असतील, तर ‘गल्ब’ म्हटल्यावर त्यांचा कान टोचतो, पण ती चूक नाही. तसेच कोकणातल्या मदरशात कुराणपठण शिकलेला मुलगा ‘मी गेलो’ हे ‘रिह्त’ऐवजी ‘धहब्तु’ असे म्हणाला, तर तो पुस्तकी बोलतो आहे, चुकीचे बोलत नाही. ऐकणाऱ्याला ते कळतेच. त्यामुळे शिकवणीच्या पहिल्याच दिवशी कोणती बोली हे ठरवून ठेवणे भाग असते. ते ठरले नसेल तर चूक आणि प्रकारभेद यांची गल्लत होते आणि शिकणाऱ्याला आज एक, उद्या दुसरेच ऐकावे लागते.

पुढचे सगळे एका उदाहरणावर तपासता येईल. समजा, रत्नागिरी जिल्ह्यातली एक परिचारिका कुवेतच्या रुग्णालयात रुजू होण्याच्या तयारीत आहे. आखाती अरबी तिने काही पुस्तकातून आणि बरीचशी तिकडून परतलेल्या नातेवाइकांकडून उचलली आहे. शिक्षकांनी तिला वॉर्डातला कालचा दिवस सांगायला सांगितला आणि ती म्हणाली :

‘अम्स जा मरीदा जदीद. कल्ब माल हिया तअबान. आना रूह घुर्फा थलाथ मर्रात. हिया माफी आकिल. आना गूल हिया, इन्त लाज़िम इश्रब दवा. बादेन शिफ्त अद-दक्तूर. बादेन रूह मुदीर मक्तब.’

तिला सांगायचे होते ते असे : काल एक नवी रुग्ण आली. तिचे हृदय ठीक नाही. मी तीन वेळा खोलीत गेले. तिने काही खाल्ले नाही. मी तिला म्हटले, तुम्हाला औषध घ्यायलाच हवे. नंतर डॉक्टर भेटले. मग मी व्यवस्थापकांच्या कार्यालयात गेले. आखाती बोलीत हेच नीट म्हणायचे तर : ‘अम्स जात मरीदा जदीदा. गल्बहा तअबान. रिह्त अल-घुर्फा थलाथ मर्रात. मा अकलत. गिल्त लहा, इन्ति लाज़िम तिश्रबीन अद-दवा. बादेन शिफ्त अद-दक्तूर. बादेन रिह्त मक्तब अल-मुदीर.’

तिचे बोलणे अरबाच्या कानाला कसे लागते, ते मराठीत आणून पाहिले की कळते : ‘काल नवा बाई ये. ती चा कुत्रा थकलेला. मी जा खोली तीन वेळा. ती नाही खाणारा. मी बोल ती, अरे बाबा औषध पी. नंतर मी डॉक्टरांना भेटले. नंतर जा साहेब ऑफिस.’ अर्थ बराचसा लागतो. एका ठिकाणी मात्र तो पार उलटा लागतो आणि एका ठिकाणी अपमान वाटू शकतो.

ही मोडकी अरबी एकट्या तिची नाही. आखातात दक्षिण आशियातून गेलेले कामगार आणि तिथले मालक यांच्या व्यवहारातून एक तडजोडीची अरबी तयार झाली आहे. भाषाशास्त्रात तिला आखाती पिजिन अरबी म्हणतात. जे. आर. स्मार्ट यांनी 1990 मध्ये तिची पहिली पद्धतशीर नोंद केली. तिच्यात क्रियापद चालवले जात नाही. ‘रूह’ म्हणजे खरे तर ‘जा’, पण मी गेलो, तो जातो, आपण जाऊ या सगळ्यांसाठी तोच एक शब्द वापरला जातो. ‘मा फी’ म्हणजे मुळात ‘(अमुक गोष्ट) नाही’. त्याचे ‘माफी’ होऊन ते कोणत्याही क्रियापदामागे नकारासाठी येते. मालकीसाठी ‘माल’ लावला की काम होते. आखातात वर्षे काढून आलेल्या कोकणी माणसाच्या तोंडी हे सगळे सापडते. महत्त्वाची गोष्ट अशी की स्थानिक अरबही परदेशी कामगाराशी बोलताना हीच भाषा वापरतात. म्हणजे तिथे राहून चूक आपोआप सुधारेल ही आशा व्यर्थ ठरते, कारण आजूबाजूचे लोक चूक सुधारत नाहीत, उलट तीच परत ऐकवतात. शिक्षकाने ती दाखवून दिली नाही, तर दाखवणारे दुसरे कोणी नसते.

मग तोडायचे नाही, हा आग्रह का? परक्या भाषेत बोलणाऱ्याचे सगळे लक्ष पुढचा शब्द शोधण्यात गुंतलेले असते. ‘आना रूह’ म्हटल्याबरोबर ‘रूह नाही, रिह्त’ असे ऐकवले, तर ती ‘रिह्त’ म्हणते खरी, पण ‘तीन वेळा’ हे कसे म्हणायचे ते तिच्या हातून सुटते. तिसऱ्या वेळी टोकल्यावर ती लहान आणि सुरक्षित वाक्ये निवडू लागते. ‘मा अकलत’ येत नाही म्हणून रुग्ण जेवली नाही ही बातमीच गाळते. मग शिक्षकांना तिच्या चुका कमी झाल्यासारख्या वाटतात. खरे तर तिने बोलायचेच कमी केलेले असते. हे ओळखण्याची खूण साधी आहे. महिन्यापूर्वीच्या आणि आजच्या ध्वनिमुद्रणातली वाक्यांची लांबी पाहावी. चुका घटल्या आणि वाक्येही आखूड झाली, तर दुरुस्तीची पद्धत चुकते आहे.

तिचे वाक्य न तोडता शिक्षकाने करायचे पहिले काम म्हणजे लिहून घेणे. ती बोलत असताना तिने उच्चारलेले शब्द जसेच्या तसे टिपायचे. दुरुस्त रूप टिपायचे नाही. ही बारीक गोष्ट वाटते, पण उशिरा केलेल्या दुरुस्तीची खरी कमजोरी इथेच भरून निघते. दहा मिनिटांनी ‘तू मघाशी क्रियापद चुकवलेस’ असे सांगितले, तर तिला ते आठवत नाही, आणि आठवत नसलेली चूक सुधारता येत नाही. कागदावर ‘आना रूह घुर्फा’ असे तिचेच शब्द दिसले की तो क्षण परत उभा राहतो. तोच प्रकार पुन्हा आला की नवे वाक्य न लिहिता शेजारी एक रेघ ओढायची. सात वाक्यांनंतर चालवलेच नाही अशा क्रियापदासमोर रेघा साचतात, तर ‘मुदीर मक्तब’समोर एकच रेघ उरते. पुढची निवड या रेघाच करून देतात.

त्याच कागदावर बरोबर आलेले रूपही टिपावे लागते. पाठ थोपटण्यासाठी नव्हे, पुरावा म्हणून. तिच्या बोलण्यात ‘शिफ्त’ हा शब्द आला आहे. ‘मी पाहिले, मला भेटले’ या अर्थाचे ते भूतकाळी रूप अगदी बरोबर आहे. म्हणजे ‘-त’ हा प्रत्यय तिच्या कानावरून गेलेला आहे. ती तो एका शब्दात वापरते आणि ‘रूह’, ‘गूल’ यांना लावत नाही. ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ पिट कॉर्डर यांनी 1967 मध्ये एक भेद मांडला होता. येत असूनही जीभ घसरली तर ती चूक वेगळी, आणि मनातला नियमच अपुरा असेल तर ती वेगळी. पहिलीकडे लक्ष दिले नाही तरी चालते. शिकवायची ती दुसरी. ‘शिफ्त’ने दाखवून दिले की हिचा नियम अर्ध्या वाटेवर आहे, आणि अर्ध्या वाटेवरची गोष्ट आज शिकवण्याजोगी असते. ज्या रूपाचा मागमूसही बोलण्यात नाही, ते सुधारण्याची वेळ अजून आलेली नसते.

कागदाखेरीज शिक्षकांचा चेहराही दुरुस्ती करत असतो. प्रत्येक चुकीला भुवई उंचावली, तर तोंडाने न बोलताही वाक्य तुटते. आखाती माणूस ऐकताना ‘इ’, ‘तय्यिब’, ‘व बादेन?’ (मग पुढे?) असे हुंकार देतो. तेच द्यावेत, कारण ते बोलण्याचे वंगण आहे आणि शिकण्याजोगेही आहे. ‘ज़ेन’, म्हणजे ‘छान’, मात्र जपून वापरावे. चुकीच्या वाक्यानंतर ‘ज़ेन’ ऐकले की शिकणाऱ्याला ते वाक्यच छान झाले असे वाटते. आणि ती अडखळली की पटकन शब्द पुरवू नये. मनात पाचपर्यंत मोजण्याएवढा वेळ थांबावे. पुष्कळदा याच शांततेत ती ‘रूह… रिह्त’ असे स्वतःच वळते. आपली चूक आपल्याच तोंडून सुधारली जाणे हा शिकणे पुढे सरकल्याचा सर्वांत भरवशाचा पुरावा आहे, आणि त्या क्षणी शिक्षकांनी काहीही बोलू नये.

बोलणे न तोडण्याची आणखी एक रीत सगळे शिक्षक नकळत वापरतात. शिकणाऱ्याचे वाक्य दुरुस्त करून सहज परत म्हणायचे. मराठीत मूल ‘मी आंबा खाल्ली’ म्हणाले की आई ‘हो का, आंबा खाल्लास?’ असे म्हणते, तसेच. रॉय लिस्टर आणि लैला रांता यांनी कॅनडातल्या फ्रेंच माध्यमाच्या वर्गांचा अभ्यास 1997 मध्ये प्रसिद्ध केला. त्यात शिक्षकांच्या दुरुस्तीपैकी निम्म्याहून अधिक याच प्रकारची होती आणि मुलांकडून सर्वांत कमी प्रतिसाद मिळाला तोही याच प्रकाराला. मुले समजत की शिक्षक आपल्या बोलण्याला दाद देत आहेत. उलट ‘मी काल…?’ असे अर्धे वाक्य सोडून पुढचे मुलाकडून काढले की मूल प्रत्येक वेळी काहीतरी उत्तर देई. हा अभ्यास शाळकरी मुलांचा आणि फ्रेंचचा आहे. प्रौढांच्या अरबीला तो जसाच्या तसा लावता येत नाही. पण अरबीत या रीतीला आणखी एक अडचण आहे आणि ती व्याकरणातूनच येते.

विद्यार्थिनी म्हणाली, ‘आना रूह घुर्फा.’ शिक्षक सहज म्हणाले, ‘आ, रिह्ती अल-घुर्फा?’ म्हणजे ‘अच्छा, खोलीत गेलीस?’ तिला हवे होते ‘मी गेले’चे रूप, ‘रिह्त’. तिच्या कानावर पडले ‘तू (स्त्री) गेलीस’चे रूप, ‘रिह्ती’. शिक्षकांच्या तोंडी पुरुष बदलला तसे क्रियापदही बदलले. हेच ऐकून तिने पुढच्या वेळी ‘आना रिह्ती’ म्हटले, तर दोष तिचा नाही. म्हणून शब्द आणि उच्चार यांच्यासाठी ही रीत उत्तम आहे. ‘गल्बहा तअबान?’ असे विचारले की ‘गल्ब’ जसाच्या तसा पोहोचतो. क्रियापदाच्या रूपांसाठी मात्र ती टाळावी आणि बोलणे संपल्यावर तिच्याकडूनच रूप काढून घ्यावे.

मधेच तोडलेच पाहिजे अशा जागाही आहेत, पण त्या थोड्या. अर्थ खरोखरच लागला नाही, तर न समजल्याचे सोंग न करता सरळ विचारावे. परिचारिकेच्या बाबतीत आकड्यांना सवलत देता येत नाही. ‘खम्सा’ म्हणजे पाच, ‘खम्सीन’ म्हणजे पन्नास, आणि या दोहोंमध्ये ‘पंधरा’चा शब्द आहे. औषधाच्या मात्रेत असा शब्द अस्पष्ट आला की तिथेच ‘कम?’ (किती?) असे विचारायचे. ही दुरुस्ती नव्हे. कोणताही ऐकणारा जे विचारील तेच आहे, म्हणून तिने बोलणे तुटत नाही.

आता निवड. कागदावर बाराएक नोंदी आहेत आणि एका बैठकीत तीनपेक्षा जास्त गोष्टी हाती घेतल्या तर एकही टिकत नाही, असा शिकवणाऱ्यांचा अनुभव आहे. कोणत्या तीन, हे ठरवताना तीन प्रश्न विचारता येतात. ऐकणाऱ्याला वेगळाच अर्थ लागला का? एकाच नियमामुळे अनेक वाक्ये बिघडली का? अर्थ लागूनही ऐकणारा दुखावेल का? उच्चाराचा परकेपणा या प्रश्नांत कुठेच येत नाही, आणि ते मुद्दामच.

पहिला मान ‘कल्ब’चा. ‘क़ल्ब’ म्हणजे हृदय आणि ‘कल्ब’ म्हणजे कुत्रा, ही जोडी अरबी शिकणाऱ्यांत प्रसिद्ध आहे. इतर ठिकाणी संदर्भाने निभावून जाते, पण हृदयरुग्णाच्या उशाशी उभ्या असलेल्या परिचारिकेने हा शब्द दिवसातून वीस वेळा उच्चारायचा असतो. इथे दुरुस्तीची रीतही पाहण्यासारखी आहे. घशातला ‘क़’ घोटून घ्यायला आठवडे लागतात. पण तिला आखाती बोली हवी आहे आणि त्या बोलीत हा ‘ग’ आहे, जो मराठी जिभेला जन्मापासून येतो. गंमत अशी की तिने स्वतःच ‘गूल’ म्हटले आहे. तो शब्दही मुळात ‘क़’चाच. तो तिने कानाने उचलला म्हणून ‘ग’ आला आणि ‘कल्ब’ पुस्तकातून आला म्हणून ‘क’ आला. ‘गूल’ आणि ‘गल्ब’ शेजारी लिहून दाखवले की सर्वांत गंभीर चूक दोन मिनिटांत संपते. ‘कल्ब माल हिया’मधला ‘माल’ही त्याच ओघात जातो. आखाती बोलीत ‘माल’ वस्तूंना चालतो, पण शरीराच्या अवयवांना सरळ प्रत्यय लागतो : ‘गल्बहा’ म्हणजे तिचे हृदय, ‘गल्बी’ म्हणजे माझे.

दुसरी जागा क्रियापदाची, कारण रेघा सर्वांत जास्त तिथे आहेत. पण ‘क्रियापद’ हा एक धडा नव्हे, तो वर्षाचा अभ्यास आहे. त्यातला एकच तुकडा निवडायचा : भूतकाळातला ‘मी’. तिला येणारे ‘शिफ्त’ फळ्यावर लिहायचे, खाली ‘रि__’ आणि ‘गि__’ लिहून थांबायचे. ‘शिफ्त, रिह्त, गिल्त’ हा मेळ ती स्वतः पुरा करते. इथे मराठी भाषकाला एक अडखळा येतो, तो शिक्षकांना माहीत असलेला बरा. मराठीत ‘मी गेलो’ आणि ‘मी गेले’ ही बोलणाऱ्याच्या लिंगाप्रमाणे वेगळी रूपे आहेत, म्हणून मराठी बाई अरबीतही ‘मी’चे स्त्रीरूप शोधते. अरबीत ते नाही. स्त्री असो वा पुरुष, ‘रिह्त’च. आणि हेच ‘रिह्त’ समोरच्या पुरुषाला ‘तू गेलास’ म्हणूनही चालते. स्त्रीला मात्र ‘रिह्ती’.

यातूनच तिसरी जागा उघडते. अरबीत लिंगभेद ‘मी’त नाही, पण ‘तू’त आहे, आणि तो सर्वनामात आहे, आज्ञेतही आहे. मराठीत ‘घे’ म्हटले की समोर आजोबा आहेत की आजी हे कळत नाही. अरबीत पुरुषाला ‘इश्रब’ आणि स्त्रीला ‘इश्रबी’, पुरुषाला ‘इन्त’ आणि स्त्रीला ‘इन्ति’. मराठी शिकणाऱ्याचे कान या फरकासाठी तयार नसतात, म्हणून ही चूक नेमाने होते. अर्थ लागतोच, तरी वयस्क कुवेती बाईला दिवसभर पुरुषी रूपात हाक मारणे खटकते, आणि स्त्रीरुग्णांच्या वॉर्डात ही चूक प्रत्येक खाटेपाशी होणार. तिसरी निवड म्हणून ‘इन्ति लाज़िम तिश्रबीन’ हे एक वाक्य घ्यायचे. ‘लाज़िम’नंतर ‘ताकलीन’ (खा), ‘तनामीन’ (झोप) अशी वॉर्डात लागणारी क्रियापदे बसवली की ‘-ईन’ हा शेवट कानात बसतो.

उरलेल्या चुका सोडून द्यायच्या, आणि हे शिक्षकांना फार जड जाते. ‘मरीदा जदीद’मध्ये विशेषण नामाशी जुळत नाही. तिला मराठीमुळे ही जुळणी ओळखीची आहे, त्यामुळे ती पुढे लवकर येईल. ‘मुदीर मक्तब’ हा मराठीचा क्रम आहे : साहेबांचे ऑफिस. अरबीत तो उलटा, ‘मक्तब अल-मुदीर’, आणि पहिल्या शब्दाला ‘अल’ लागत नाही. धडा चांगला आहे, पण आज त्याच्या नावावर एकच रेघ आहे. ‘माफी आकिल’ महत्त्वाचे आहे. मात्र त्याची दुरुस्ती ‘मा’पुढे भूतकाळी रूप बसवून होते आणि ती रूपे तिला आत्ता कुठे येऊ लागली आहेत. म्हणून तो पुढच्या आठवड्याचा पहिला विषय. ज्या पायरीवर उभे राहून पुढची गाठायची ती आधी पक्की करणे, एवढेच या क्रमामागचे तर्कशास्त्र आहे.

सर्वांत शेवटी उच्चार. तिच्या ‘तअबान’मधला ‘ऐन’ हा घशातला ध्वनी बोथट आहे, ‘मरीदा’मधला जड ‘द’ मराठी ‘द’सारखाच आला आहे, ‘अद-दवा’मधला ‘अद’ गळाला आहे. ‘अमल’ या शब्दात ऐन असला तर ‘काम’ आणि नसला तर ‘आशा’, अशा जोड्या दाखवून विद्यार्थ्याला घाबरवण्याची पद्धत आहे. पण माणसे शब्द सुटे ऐकत नाहीत, वाक्यात ऐकतात. ‘गल्बहा तअबान’ हे बोथट ऐननेही कळते. ज्या शब्दात अर्थ खरोखर फिरतो तेवढा शब्द वेगळा काढायचा, बाकीचे वळण कानाला वेळ देऊन येऊ द्यायचे. दोनच लोकांच्या बाबतीत हा क्रम बदलतो. पठण शिकणाऱ्याचे उद्दिष्टच उच्चार आहे, आणि वृत्तनिवेदकाला शब्दान्तीची विभक्तिरूपेही अचूक लागतात. वॉर्डात ती रूपे कोणीच उच्चारत नाही, म्हणून बोली शिकणाऱ्याला त्यावरून टोकणे निरर्थक आहे.

दुरुस्ती सांगण्याचा क्रमही ठरलेला असावा. ती बोलून थांबली की आधी मजकुराला उत्तर द्यायचे : ‘मग डॉक्टर काय म्हणाले?’ रुग्ण जेवली नाही असे सांगणाऱ्या बाईला पहिले उत्तर व्याकरणाचे मिळाले, तर आपले बोलणे कोणी ऐकतच नव्हते असे तिला वाटते. मग कागद तिच्यासमोर ठेवायचा. त्यावर तिचीच तीन वाक्ये, चुकीच्या शब्दाखाली रेघ, दुरुस्ती कोरी. तिला स्वतः सुचले तर उत्तम. नाही सुचले तर एक खूण द्यायची : ‘शिफ्तसारखे कर.’ तरीही नाही आले तरच उत्तर सांगायचे. पाच-सात मिनिटे पुरतात. वर्गात अनेकजण असतील, तर वेगवेगळ्यांच्या तोंडची वाक्ये नावे न सांगता फळ्यावर मांडता येतात.

यानंतरची पायरी गाळली तर आधीचे सगळे वाया जाते. तिला तीच गोष्ट पुन्हा सांगायला लावायची. मजकूर ठाऊक झालेला असतो, शब्द सापडलेले असतात, त्यामुळे या वेळी तिचे लक्ष रूपांकडे वळायला मोकळे असते. पहिले आणि दुसरे सांगणे फोनवर मुद्रित करून एकामागोमाग ऐकले की फरक तिच्या तिलाच कळतो. शिक्षकांनाही त्याचा उपयोग होतो, कारण गोष्टीत रमलेला कान बऱ्याच चुका ऐकतच नाही. दुसऱ्या खेपेला सगळे बरोबर आले म्हणून खूश होऊन जाऊ नये. खरी परीक्षा पुढच्या आठवड्यात, वेगळ्या गोष्टीत, न सांगता घ्यायची. सरावात ‘रिह्त’ आणि गप्पांत ‘रूह’ असे होत असेल, तर रूप अजून जिभेवर उतरलेले नाही. ते त्याच यादीत राहते, नवे घ्यायचे नाही. नवीन गोष्टीत तीनपैकी दोन वेळा ‘रिह्त’ आले आणि तिसऱ्या वेळी ती ‘रूह’ म्हणून स्वतःच थबकली, तर ती ओळ खोडावी आणि तिच्या जागी ‘मा अकलत’ लिहावे.